पहाटेची उलटी, सहा तारखा आणि जाड फाइल

«डॉक्टर, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. गेल्या वर्षभरात त्याला सहा वेळा अशी उलटी लागली की दर वेळी दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. पहाटे उठतो, बेंबीजवळ दुखते म्हणतो आणि उलट्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी आपोआप थांबतात. मग दोन-दोन महिने काहीच नाही, खातो-पितो, खेळतो. कोणी टायफॉइड सांगितला, कोणी पोटात गाठी, कोणी अ‍ॅसिडिटी, कोणी जंत. चार सोनोग्राफ्या झाल्या, एकदा दुर्बीण झाली. आता सीटी स्कॅन आणि पुन्हा दुर्बीण करायला सांगितले आहे. सासूबाई म्हणतात बाहेरचे आहे, शाळेतल्या बाई म्हणतात शाळेची भीती आहे. मला स्वतःला अर्धशिशी आहे, पण त्याचे डोके दुखत नाही. सीटी करू का? सगळे कागद आणि तारखा सोबत जोडल्या आहेत.»

ताई, सीटी स्कॅन आणि दुसऱ्यांदा दुर्बीण या दोन्ही गोष्टी तूर्त थांबवाव्यात, असे माझे मत आहे. मात्र सर्वच तपासण्या थांबवा, असे मी म्हणत नाही. आपल्या फाइलमध्ये सतरा रिपोर्ट आहेत आणि तरीही ज्या दोन-तीन तपासण्या खरोखर व्हायला हव्या होत्या त्या त्यात नाहीत. मी मुलाला प्रत्यक्ष तपासलेले नाही, म्हणून पुढे जे लिहितो ते आपल्या बालरोगतज्ज्ञांसमोर ठेवावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच अमलात आणावे.

फाइलपेक्षा आपण वहीच्या पानावर लिहिलेल्या तारखांचा मला जास्त उपयोग झाला. पहिली उलटी श्रावणात, कानबाईच्या जागरणाची रात्र सरता सरता. दुसरी दिवाळीच्या सुटीत, रावेरला मामाकडे निघायचे होते त्याच दिवशी. तिसरी सारंगखेड्याची यात्रा करून रात्री उशिरा घरी आल्यावर. चौथी फेब्रुवारीत, सर्दी-तापाच्या दुसऱ्या दिवशी. पाचवी आखाजीला, लग्नाहून परतल्यावर, आणि सहावी शाळा सुरू झाल्याच्या आठवड्यात, आदल्या रात्री तो न जेवता झोपी गेला होता तेव्हा. दोन उलट्यांमधले अंतर मी मोजले तर ते सहा ते अकरा आठवड्यांचे भरते. सहाही वेळा सुरुवात पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान झालेली आहे, पहिले दोन-तीन तास दर दहा मिनिटांनी उलटी झालेली आहे आणि वीस ते तीस तासांत सारे संपून मुलगा झोपला आहे. उठल्यावर त्याने वरण-भात मागितला, हे आपण चार ठिकाणी लिहिले आहे. आजारी मुलाची आई अशी नोंद सहसा करत नाही, पण निदानाच्या दृष्टीने तीच नोंद मोलाची आहे.

या आजाराला सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम म्हणतात. मराठीत आपण त्याला चक्राने येणाऱ्या उलट्या म्हणू. तो ओळखण्यासाठी डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्या पुढीलप्रमाणे आहेत. सहा महिन्यांत किमान तीन किंवा एकूण किमान पाच झटके आलेले असावेत. झटक्याच्या जोरात तासाला चार किंवा त्याहून अधिक उलट्या व्हाव्यात. दोन झटक्यांत किमान आठवड्याचे अंतर असावे आणि त्या काळात मूल पूर्णपणे बरे असावे. प्रत्येक झटका आधीच्या झटक्याची नक्कल असावा, आणि दुसरे कोणतेही कारण सापडू नये. यातली नक्कल ही खूण मला सर्वांत बोलकी वाटते. दूषित पाण्याने होणारी उलटी एकदा संध्याकाळी येईल, एकदा दुपारी. एकदा जुलाबासह, एकदा जुलाबाविना. आणि घरातल्या आणखी एखाद्यालाही लागेल. घड्याळ लावल्यासारखी पहाटेचीच वेळ गाठणारी, तेवढेच तास टिकणारी आणि घरात एकाच मुलाला गाठणारी उलटी अन्नातून येत नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी मुलांमधल्या अशा ठरावीक उलट्यांचे वर्णन १८८२ मध्ये केले, म्हणजे सोनोग्राफी, सीटी आणि दुर्बीण यांतले काहीही हाताशी नसताना. त्यांच्याकडे केवळ मुलांच्या हकिगती होत्या, आणि तेवढ्यावरून आजार ओळखता आला.

आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली अर्धशिशी येथे फार महत्त्वाची आहे. चक्राने येणाऱ्या उलट्या हा अर्धशिशीच्या घराण्यातलाच आजार मानला जातो, आणि अशा मुलांच्या आईला किंवा मावशीला अर्धशिशी असणे नेहमीचे आहे. लहानपणी तो पोटातून बोलतो आणि मोठेपणी डोक्यातून. यांतल्या अनेक मुलांच्या उलट्या किशोरवयापर्यंत थांबतात, तर काहींना पुढे खरी डोकेदुखी सुरू होते. आज त्याचे डोके दुखत नाही, यामुळे निदानाला बाधा येत नाही.

शाळेतल्या बाईंना आपला तारखांचा कागद अवश्य दाखवावा. सहापैकी चार झटके कानबाई, मामाचे गाव, यात्रा आणि लग्न या आनंदाच्या प्रसंगांना लागून आलेले आहेत. शाळेला घाबरणारे मूल दिवाळीच्या सुटीत उलटी करत नाही. या आजारात आनंदाची उत्तेजना ही भीतीइतकीच, किंबहुना लहान मुलांत अधिक वेळा, झटका आणते. सासूबाईंचे मन राखून दृष्ट काढायला माझी हरकत नाही. मात्र बेंबी सरकली म्हणून झटक्याच्या वेळी पोट चोळून घेऊ नये, कारण त्या दिवशीचे दुखणे अपेंडिक्सचे किंवा आतड्याच्या पिळाचे निघाले तर चोळण्याने घात होतो.

आपल्या मुलाचे पोट दुखते, पण उलटीच मुख्य आहे. काही मुलांत हेच उलटे असते. दुखणे मुख्य आणि उलटी एखादी किंवा मुळीच नाही. त्याला पोटाची अर्धशिशी, दवाखान्याच्या भाषेत अ‍ॅबडॉमिनल मायग्रेन, म्हणतात. ती ओळखायला मला स्वतःला किती वेळ लागला, हे सांगतो, कारण आपल्या फाइलमधले दोन गोंधळ त्यात हुबेहूब आहेत.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी येत असे. दीड-दोन महिन्यांनी तिच्या बेंबीभोवती ठसठसत दुखायचे, चेहरा पांढराफटक पडायचा, अन्नाचा वासही नको व्हायचा, आणि ती खिडकी लावून घेऊन चार-पाच तास निपचित पडून राहायची. पोट दाबले तर मऊ लागायचे आणि ताप नसायचा. मी पहिल्या वेळी विडाल चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली आणि मी टायफॉइडचे औषध दिले. दुसऱ्या वेळी तसेच केले, तिसऱ्या वेळीही तसेच. दर वेळी तिला दुसऱ्या दिवशी बरे वाटले आणि मला वाटले की औषधाला गुण आला. ती औषध न घेताही दुसऱ्या दिवशी बरी होणारच होती. चौथ्या वेळी सोनोग्राफीत पोटातल्या गाठी सुजल्याचे आले, आणि क्षयाचे औषध सुरू करण्याच्या बेतात असताना तिच्यासोबत आलेली आजी अहिराणीत सहज बोलून गेली, «हिनी मायले बी असंच व्हये.» आईचे अर्धे डोके लहानपणापासून दुखत होते. मी तीन भेटींत आईच्या दुखण्याबद्दल एकदाही विचारले नव्हते. फाइल बाजूला ठेवून मी तारखा मांडल्या आणि त्या मुलीची अँटिबायोटिक्स तेव्हापासून बंद झाली.

विडालचा गोंधळ असा आहे की जिथे टायफॉइड सर्रास आढळतो तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे त्या चाचणीचे आकडे चढलेले असू शकतात, आणि इतर तापांतही ते चढतात. एकदाच केलेली विडाल, तीही ताप नसलेल्या मुलात, जवळजवळ काहीच सांगत नाही. टायफॉइड हा सतत चढत जाणाऱ्या तापाचा आजार आहे; अर्ध्या दिवसात येऊन अर्ध्या दिवसात जाणारा नाही. खरा संशय असेल तर अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर करावे लागते. आपल्या फाइलमध्ये तीन विडाल आहेत, कल्चर एकही नाही.

गाठींचे तसेच आहे. आतड्याच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी प्रत्येक मुलाच्या पोटात असतात, आणि हल्लीच्या यंत्रांवर त्या स्पष्ट दिसतात म्हणून रिपोर्टात येतात. आडव्या छेदात आठ मिलिमीटरपर्यंतची ग्रंथी मुलांमध्ये सहसा नेहमीची मानली जाते. आपल्या मुलाच्या चारही सोनोग्राफ्यांत सर्वांत मोठी ग्रंथी सहा मिलिमीटरची आहे, आणि तिच्यात कोठेही गळल्याचा उल्लेख नाही. वजन वाढत असलेल्या, ताप नसलेल्या मुलात एवढ्यावरून क्षयाचा संशय घेण्याचे कारण नाही. त्याचे वजन वाढते आहे, हे मला कसे कळले? केसपेपरच्या कोपऱ्यात प्रत्येक भेटीला नर्सने टाकलेला आकडा पाहिला. पहिल्या झटक्याला २०.८ किलो होते, शेवटच्या झटक्याला २२.९. पोटात दीर्घकाळ चाललेला मोठा आजार असता तर हा आकडा असा चढला नसता.

दुर्बिणीच्या रिपोर्टातल्या ‘जठराला किंचित सूज’ या ओळीविषयीही दोन शब्द सांगतो. रात्रभरात तीस-चाळीस वेळा उलटी झाल्यावर दोन दिवसांनी जठरात डोकावले तर ते लालसर दिसणारच. ही सूज उलटीमुळे आलेली असते. उलटी तिच्यामुळे आलेली नसते. वर्षभर चाललेले अ‍ॅसिडिटीचे औषध या एका ओळीवर उभे आहे, तेव्हा ते थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

आता राहिलेल्या तपासण्यांबद्दल. माझ्या मते संपूर्ण पत्रातला हा भाग आपण सर्वांत शांतपणे वाचावा. आपल्या मुलाची प्रत्येक तपासणी झटका संपल्यावर, मूल बरे झाल्यावर झालेली आहे. चार सोनोग्राफ्यांच्या तारखा झटक्याच्या तारखांशी जुळवल्या तर सर्वांत जवळची तिसऱ्या दिवसाची आहे. चोर गेल्यावर घरावर कितीही पहारा ठेवला तरी तो सापडत नाही.

काही मुलांत मूत्रपिंडातून लघवी उतरण्याचा मार्ग जन्मतः अरुंद असतो. जास्त पाणी प्यायल्यावर मूत्रपिंड फुगते, पोटात कळ येते, उलट्या होतात, आणि काही तासांनी लघवी उतरली की सारे शांत होते. झटक्याच्या दिवशी सोनोग्राफी केली तर फुगलेले मूत्रपिंड लगेच दिसते; नंतर केली तर ते बहुधा नेहमीसारखे दिसू शकते. चक्राने येणाऱ्या उलट्यांची इतकी हुबेहूब नक्कल करणारा दुसरा आजार क्वचितच असेल, आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो. म्हणून पुढच्या झटक्यात, उलट्या चालू असतानाच, एकदा सोनोग्राफी व्हावी आणि चिठ्ठीवर ‘दोन्ही मूत्रपिंडे पाहावीत’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. ती स्वच्छ आली तर पाचवी सोनोग्राफी हीच शेवटची ठरावी.

दुसरी तपासणी रक्ताची, आणि तिचे सारे मोल वेळेवर आहे. हातात सुई बसली की पहिले रक्त नळीत घ्यावे आणि मगच बाटली जोडावी. साखर, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनीन, यकृत आणि स्वादुपिंडाची चाचणी एवढे पुरे होते; त्याच वेळी थोडी लघवी घेऊन कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारे पदार्थ, पाहावेत. सलाईनमधून दोन तास ग्लुकोज गेल्यावर काढलेल्या रक्तात साखर चांगलीच येणार, आणि जे पाहायचे होते ते वाहून गेलेले असणार. उलट्या करणाऱ्या उपाशी मुलाच्या लघवीत कीटोन सापडणे अपेक्षितच आहे. याउलट साखर घसरलेली आहे आणि कीटोन मात्र नाहीत, असे दिसले तर शरीरात चरबी जाळण्याच्या प्रक्रियेत जन्मजात दोष असू शकतो आणि पुढची दिशाच बदलते. साखर फार वाढलेली दिसली तर तो मधुमेहाचा पहिला झटका असू शकतो, म्हणून बोटातून साखर तपासणे हे दर वेळी व्हावेच. त्याला मी अनावश्यक तपासणी म्हणणार नाही.

आपल्या मुलाचा एक झटका तापानंतर आणि एक उपाशी झोपल्यावर आलेला आहे, म्हणून एकदा रक्तातला अमोनियाही पाहावा. प्रथिने पचवण्याच्या काही जन्मजात दोषांत तो ताप, उपवास किंवा भरपूर प्रथिनांचे जेवण यानंतर वाढतो, आणि मधल्या काळात नेहमीसारखा असू शकतो. हा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. तालुक्याला काढून मोटारसायकलवरून जळगावला पाठवलेल्या नमुन्यात अमोनिया खोटा वाढलेला येतो, आणि त्या खोट्या आकड्यापायी आणखी दहा तपासण्या होतात. ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो जागच्या जागी होतो तिथेच तो करावा, नाहीतर करूच नये.

तिसरी तपासणी झटक्याबाहेर, सवडीने करायची आहे. मुलाला डाय पाजून जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांचे एक्स-रे काढतात. दवाखान्यात याला अजूनही बेरियमचा एक्स-रे म्हणतात. आतडे जन्मतः नीट वळलेले नसेल तर ते अधूनमधून पिळते आणि सुटते, आणि एखाद्या दिवशी सुटतच नाही. दुर्बीण आतड्याचे अस्तर दाखवते, त्याची बैठक दाखवत नाही. म्हणून दुर्बिणीचा रिपोर्ट चांगला आला तरी हा प्रश्न शिल्लकच राहतो. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. सीटीबद्दलचा माझा आक्षेप एवढाच आहे की त्यात किरणे जास्त जातात आणि आपल्या मुलाबाबत तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे, हे चिठ्ठीवर कोठेच लिहिलेले नाही.

ह्या तिन्ही गोष्टी एकदा चांगल्या आल्या की पुढे प्रत्येक झटक्याला नवी फाइल उघडू नये. पुढचा झटका जुन्यासारखाच असेल तर बोटातली साखर आणि गरजेप्रमाणे क्षार एवढेच तपासावे. पण आजाराला एकदा नाव मिळाले की घरचे आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त होतात, हा धोकाही मी पाहिला आहे. चक्राच्या उलट्या असलेल्या मुलाला अपेंडिक्स होणार नाही असे काही नाही. म्हणून झटका नकलेपासून हटला तर तो नवा आजार समजावा. पोट दगडासारखे लागणे किंवा दुखणे उजवीकडे खाली उतरणे, उलटीत रक्त, नेहमीच्या तीस तासांपुढे उलट्या चालूच राहणे, मूल गुंगणे किंवा विचित्र बोलणे, हे त्यातले ढोबळ फरक झाले. रंगाबद्दल नेमके सांगतो. दहा-बारा उलट्यांनंतर पोट रिकामे झाल्यावर पिवळसर कडू पाणी पडते, त्याने घाबरू नये. पण सुरुवातीलाच मेंदीच्या पाल्यासारखी हिरवी उलटी झाली तर सकाळ होण्याची वाट न पाहता मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी निघावे. मुलगा असल्याने पोटदुखीच्या प्रत्येक वेळी डॉक्टरांनी त्याची वृषणेही पाहावीत. तिथला पीळ पोटदुखी आणि उलटी म्हणूनच येतो, आणि मुले लाजून सांगत नाहीत. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही रोज सकाळी उलटी होऊ लागली, डोके दुखून झोपमोड होऊ लागली, चाल डगमगू लागली किंवा डोळा तिरळा दिसू लागला, तर मेंदूचा एमआरआय विनाविलंब करावा लागतो. तिथे काटकसर करायची नाही.

आता झटक्याच्या पहाटेविषयी. आपण लिहिले आहे की उलटीच्या आधी तो गप्प होतो, ओठ पांढरे पडतात आणि तोंडात सारखी लाळ येते. ही पंधरा-वीस मिनिटांची संधी आजवर वाया गेली आहे, कारण त्या वेळी त्याला लिंबू-पाणी, ओवा, चहा असे काही ना काही पाजले गेले. तेवढ्या वेळात जिभेवर विरघळणारी ऑनडॅन्सेट्रॉनची गोळी देता येते. त्याच्या वजनाच्या मुलाला ती साधारणतः ४ मिलिग्रॅमची देतात, पण मात्रा आणि ती उलटून पडली तर पुन्हा द्यायची की नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मग दिवा बंद, पंखा चालू, मोबाइल आणि दूरदर्शनचा आवाज नाही, आणि ‘आता कसं वाटतंय’ असे दर पाच मिनिटांनी विचारणे नाही. एवढ्याने झटका आवरला नाही, आठ तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली किंवा डोळे खोल गेले, तर दवाखाना गाठावा. वैशाख-ज्येष्ठात खान्देशात पारा पंचेचाळिसाजवळ जातो तेव्हा आठ तासही थांबू नये. दवाखान्यात नुसत्या मिठाच्या सलाईनऐवजी ग्लुकोज आणि क्षार दोन्ही असलेले सलाईन लावावे, अशी विनंती करावी. उपासमारीने तयार झालेले कीटोन मळमळ वाढवतात आणि ग्लुकोज मिळाले की ते उतरतात.

झटके टाळण्यासाठी कानबाई, यात्रा किंवा लग्न बंद करू नये. आपला कागद नीट पाहिला तर नुसत्या उत्सवाने झटका सहसा आलेला नाही. उत्सवाला जागरण, उपाशीपण किंवा उन्हातला एसटीचा प्रवास यांपैकी काही जोडले गेले तेव्हा तो बहुतेक वेळा आला आहे. त्याला कानबाईच्या आरतीला थांबू द्यावे आणि दहाच्या आत झोपवावे. रात्री उशीर झाला तरी दूध-भाकरी किंवा एखादे केळे खाऊनच तो झोपेल असे पाहावे, आणि सकाळी काही खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडू देऊ नये. प्रवासाला खिडकीजवळची, पुढची जागा आणि पाण्याची बाटली असावी. सर्दी-ताप आला की पहिल्या दिवसापासूनच थोडे थोडे गोड द्रव पाजत राहावे.

तीन महिने हे नेटाने करूनही झटके येत राहिले, किंवा दर वेळी दाखल व्हावेच लागले, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो. पाच वर्षांच्या वरच्या मुलांत सहसा अ‍ॅमिट्रिप्टिलीन रात्री अगदी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. लहान मुलांत सायप्रोहेप्टाडीन देतात. प्रोप्रानोलॉल हा आणखी एक पर्याय आहे, पण दमा असलेल्या मुलाला तो चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीनच्या आधी एक ईसीजी काढावा, विशेषतः ऑनडॅन्सेट्रॉनही घरात असणार असेल तर, कारण दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. मेडिकल दुकानातले कोणी ‘हे तर मनाच्या आजाराचे औषध आहे’ असे म्हणेल, आणि ते ऐकून कितीतरी घरांत ही गोळी दुसऱ्याच दिवशी बंद होते. तेच औषध कमी मात्रेत अर्धशिशीसाठीही वापरतात. कदाचित आपल्या स्वतःच्या जुन्या चिठ्ठीवरही ते सापडेल. गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि अचानक थांबवू नये.

शेवटचे काम कागदाचे आहे. आपल्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर अर्ध्या पानाची एक चिठ्ठी लिहून घ्यावी. रात्रपाळीच्या डॉक्टरला मुलाची ओळख नसते आणि समोर निपचित पडलेले मूल पाहून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या हातात माहिती नसते. चिठ्ठीत साधारण असे असावे: ‘या मुलाला चक्राने येणाऱ्या उलट्यांचा आजार आहे. नेहमीचा झटका पहाटे सुरू होतो आणि वीस ते तीस तास टिकतो. कृपया सलाईन लावण्याआधी रक्त घ्यावे, बोटातून साखर पाहावी, ग्लुकोजयुक्त सलाईन आणि ऑनडॅन्सेट्रॉन द्यावे, अंधारी व शांत जागा द्यावी. विडाल, दुर्बीण व सीटी यांची गरज नाही. हिरवी उलटी, कडक पोट, गुंगी किंवा तीस तासांपुढे उलट्या असल्यास हा नेहमीचा झटका समजू नये.’ त्याखाली त्याचे वजन आणि तारीख असावी आणि दर सहा महिन्यांनी ती बदलावी, कारण मात्रा वजनावर ठरते. मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि अमोनिया या दोन गोष्टी पहिल्या खेपेपुरत्या वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहून घ्याव्यात आणि झाल्या की खोडाव्यात. चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढून एक शाळेत बाईंकडे, एक रावेरला मामाकडे आणि एक घरातल्या गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.